AI मॉडेल म्हणतं "मी आधीच सांगितलं होतं", पण चॅटमध्ये तर काहीच नाही: शोधायचं, जाब विचारायचा, मागे जायचं की नवी चॅट उघडायची?

परवा बॅकअपच्या जुन्या फाइल्स उडवणारी एक छोटी स्क्रिप्ट करत होतो, साधारण साठेक मेसेज झाले असतील, आणि मध्येच मॉडेल म्हणतं, "आपण आधी ठरवल्याप्रमाणे सात दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स डिलीट करतोय". मी म्हटलं कधी ठरलं हे, आपलं तर तीस दिवसांचं बोलणं होतं. तर म्हणे, नाही, मी वर स्पष्ट सांगितलं होतं. स्क्रिप्टमधली ओळ अशी झाली होती:

```
find /backup -name "*.gz" -mtime +7 -delete
```

सात आणि तीसमधला फरक म्हणजे तीन आठवड्यांचे बॅकअप गायब, त्यामुळे "असू दे, जाऊ दे" म्हणण्यासारखं नव्हतं. अशा वेळी चार गोष्टी करता येतात आणि मी चारही करून बसलोय, त्यावरून सांगतो.

पहिली, स्वतः शोधणं. ही फुकटची आहे आणि बऱ्याचदा पुरते, पण लोक Ctrl+F मारतात, शून्य निकाल येतो आणि लगेच "खोटं बोलतंय" म्हणतात. थांबा जरा. लांब चॅटमध्ये काही अ‍ॅप फक्त स्क्रीनच्या आसपासचेच मेसेज लोड करतात, बाकीचे ब्राउझरच्या सर्चला दिसतच नाहीत, म्हणून आधी अगदी वरपर्यंत स्क्रोल करायचं, नाहीतर सगळी चॅट कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायची आणि तिथे शोधायचं. दुसरं म्हणजे 7 शोधलं तर ७ सापडेलच असं नाही आणि "सात" तर नाहीच, "आठवडा" पण नाही, त्यामुळे तीन-चार रूपांनी शोधा. आणि मेसेजशिवायच्या जागा बघा: जोडलेली फाइल, मॉडेलने केलेल्या वेब सर्चचे निकाल, आणि मेमरी चालू असेल तर दुसऱ्या चॅटमधून आलेलं काहीतरी. हे सगळं मॉडेलच्या समोर असू शकतं, आपल्याला मात्र स्क्रीनवर बोलणं म्हणून दिसत नाही.

माझ्या केसमध्ये गंमत इथेच होती. सुरुवातीला मी माझी जुनी स्क्रिप्ट अपलोड केली होती आणि तिच्यात खरंच +7 होतं, दोन वर्षांपूर्वीचं, मी पार विसरलेलो. म्हणजे आकडा हवेतून आला नव्हता, "आपण ठरवलं" हे तेवढं हवेतलं होतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण मजकूर कुठून आला हे मॉडेल सहज गोंधळवतं. त्याच्यासाठी तुमचं बोलणं, त्याचं बोलणं आणि फाइल हा सगळा एकाच लांबलचक मजकुराचा भाग असतो, प्रत्येक उत्तराच्या वेळी तो मजकूर पुन्हा आत जातो, आणि "आधी सांगितल्याप्रमाणे" हे माणसांच्या लिखाणात इतकं येतं की ते सवयीने लिहून टाकतं. चॅट फार लांबली की काही ठिकाणी जुना भाग कापला जातो किंवा त्याचा सारांश करून तोच पुढे पाठवला जातो, आणि मग आपण स्क्रीनवर मूळ वाचतोय आणि मॉडेल सारांश वाचतंय असं होतं. सारांशात एखादी "सूचना" चुकून "निर्णय" झाली तर संपलंच.

दुसरी, जाब विचारणं: "नेमकं कुठे म्हणालास, शब्दशः दाखव." हे करून बघायला हरकत नाही, पण मिळालेलं वाक्य पुरावा समजू नका. मला फार सुबक अवतरण मिळालं होतं, अगदी अवतरणचिन्हांसकट, त्यातले सलग पाच-सहा शब्द उचलून कॉपी केलेल्या चॅटमध्ये शोधले तर एकही हिट नाही. याचा खरा उपयोग एवढाच की शोधायला शब्द मिळतात. सापडले तर मिटलं, नाही सापडले तर दुसऱ्यांदा विचारू नका, दुसरं अवतरण येईल.

तिसरी, वाद घालणं, जे आपण सगळेच करतो (मीही सहा मेसेज घातले). माझ्या मते चारही पर्यायांत सगळ्यात वाईट हाच. एक तर मॉडेलने शेवटी "माफ करा, मी तसं म्हटलंच नव्हतं" म्हटलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण खरंच म्हटलेलं असताना तुम्ही ठासून नाही म्हणालात तरी बहुतेकदा अशीच माफी मिळते. आणि दुसरं, या भांडणात "सात दिवस" हे शब्द अजून दहा वेळा चॅटमध्ये येतात, ते सगळे पुढच्या प्रत्येक उत्तराच्या वेळी त्याच्यासमोर असतात. माझ्याकडे माफीनंतर दोन उत्तरं बरोबर आली आणि तिसऱ्यात +7 परत हजर. वाद न घालता एकच ओळ लिहा, "मुदत ३० दिवस, हेच अंतिम", आणि पुढे चला. काम किरकोळ असेल तर एवढं पुरतं.

चौथी, मागे जाणं किंवा नवी चॅट, आणि खरी निवड इथे आहे. जिथून बिघडलं त्याच्या आधीचा आपला मेसेज एडिट करून परत पाठवला की त्याखालचं सगळं बोलणं मॉडेलच्या समोरून जातं, भांडणासकट. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ते बाणाने परत बघता येतं, म्हणजे हरवत नाही. चूक दोन-चार मेसेजपूर्वीच घुसली असेल तर हे मस्त. पण त्या जागेनंतर चांगलं कामही झालं असेल तर तेही वगळलं जातं, आणि चुकीचं मूळ आणखी वर असेल, माझ्यासारखं पहिल्याच मेसेजच्या फाइलमध्ये, तर एडिट करून ते तसंच राहतं. (याच बाणांमुळे उलटंही होतं बरं का, आपण आठवतोय ते उत्तर दुसऱ्या फांदीत असतं, म्हणून शोधताना तेही फिरवून बघा.)

नवी चॅट कंटाळवाणी वाटते, पण चॅट खूप लांबली असेल, सारांश झाल्याची शंका असेल किंवा गोष्ट डिलीट, पैसे, औषध अशा प्रकारची असेल तर मी सरळ तीच उघडतो. फक्त जुन्या चॅटचा सारांश त्याच मॉडेलकडून करून घेऊन तिकडे चिकटवू नका, नाहीतर तो "ठरलेला" सातचा आकडा गुपचूप सोबत जाईल. ठरलेल्या गोष्टी स्वतःच्या हाताने लिहा. मी पाच ओळी लिहिल्या, जुनी फाइल दिलीच नाही, चालू स्क्रिप्ट चिकटवली, आणि डिलीट करायच्या आधी शेवटचं -delete काढून -print टाकून एकदा चालवली:

```
find /backup -name "*.gz" -mtime +30 -print
```

यादीत अकरा फाइल्स आल्या, सगळ्यात नवी पाच आठवड्यांपूर्वीची. मग कुठे -delete परत लावलं.