पाळीचा वीजखर्च कशावरून काढावा : तासांवरून, ॲपच्या युनिटवरून की मीटरवरून?

सामाईक विहीर, तिच्यावर १० एचपीचा सबमर्सिबल, एकच मीटर आणि पाळीने पाणी घेणारी दोन-तीन घरं. अशा ठिकाणी हल्ली पाळी संपली की मोबाईल स्टार्टरच्या ॲपचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो. त्यात `Run Time` आणि `Units` असे दोन आकडे असतात. त्यावरून पैसे काढायचे म्हटलं की वाद सुरू होतो, कारण एक जण तास धरतो, दुसरा युनिट धरतो आणि तिसरा म्हणतो, मीटर बघा.

(साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज योजनेत सरकार भरतं. म्हणून हा हिशेब मुख्यतः त्याहून मोठ्या आणि मीटर असलेल्या पंपांसाठी आहे.)

माझं मत आधीच सांगतो. मीटरवरून एकदा आपल्या पंपाचे ताशी युनिट काढावेत आणि पुढे प्रत्येक पाळीला स्क्रीनशॉटमधल्या तासांना त्या आकड्याने गुणावं. ॲपमधले युनिट पडताळल्याशिवाय धरू नयेत. हे का, ते एका रात्रीच्या उदाहरणावरून बघू.

समजा, स्क्रीनशॉटमध्ये `Run Time 06:40` आहे. पहिली चूक इथेच होते. बरेच जण कॅल्क्युलेटरवर ६.४० मारतात. ४० मिनिटं म्हणजे तासाचा दोन तृतीयांश, म्हणून गुणायला आकडा ६.६७ हवा. एका रात्रीत पाव तासाहून जास्त फरक पडतो, आणि तो दर वेळी बिल भरणाऱ्याच्याच अंगावर बसतो.

आता तासांवरून युनिट काढायची सर्वांना माहीत असलेली रीत. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणून १० एचपीला ७.४६. त्याला ६.६७ ने गुणलं की ४९.७ युनिट येतात. गणित बरोबर आहे, पण प्लेटवरचे १० एचपी म्हणजे मोटारीने शाफ्टवर द्यायची ताकद. तेवढी ताकद द्यायला मोटार लाईनमधून त्याहून जास्त वीज ओढते, कारण काही वीज वाइंडिंग तापण्यात आणि घर्षणात जाते. सबमर्सिबल मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ७.४६ भागिले ०.८ म्हणजे तासाला साधारण ९.३ युनिट. दोनदा रिवाइंड केलेली मोटार असेल तर आणखी जास्त. उलट पंपावर पूर्ण भार येत नसेल तर कमी. म्हणून नुसत्या एचपीवरून काढलेला आकडा बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी निघतो.

मग ॲपचे युनिट? खरी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. काही स्टार्टर व्होल्टेज, करंट आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला खरोखर वापरल्या जाणाऱ्या विजेचा वाटा, असं तिन्ही मोजतात. काही फक्त व्होल्टेज आणि करंट मोजतात आणि पॉवर फॅक्टर धरून चालतात. काही तर काहीच मोजत नाहीत. बसवताना कारागिराने ॲपमध्ये एचपी भरलेला असतो, ॲप त्याला तासांनी गुणतं आणि उत्तर `Units` म्हणून दाखवतं. स्क्रीन दिसायला सारखीच असते. त्यामुळे आपलं ॲप कुठल्या जातीचं आहे हे आपणच ओळखायचं.

ओळखायला फार काही लागत नाही. स्क्रीनशॉटमधल्या युनिटना तासांनी भागा आणि आलेले ताशी युनिट व्होल्टेज-करंटवरून काढलेल्या किलोवॅटशी ताडून बघा. त्या रात्री व्होल्टेज ३९२ आणि करंट १६.८ अँपिअर होता असं समजू. थ्री फेजचं सूत्र असं:

```
kW = 1.732 × V × A × PF ÷ 1000
1.732 × 392 × 16.8 × 0.82 ÷ 1000 = 9.35
```

पॉवर फॅक्टर इथे ०.८२ धरला आहे. सबमर्सिबलला तो भारानुसार साधारण ०.८ ते ०.८५ असतो. त्याच रात्री, त्याच पंपाला तीन वेगवेगळी ॲप काय दाखवतील ते बघा:

| `Units` | ताशी युनिट | अर्थ |
|---|---|---|
| ४९.७ | ७.४६ | एचपीला तासांनी गुणलंय, काही मोजलेलं नाही |
| ७६ | ११.४ | पॉवर फॅक्टर १ धरलाय, आकडा फुगलेला |
| ६२.४ | ९.३५ | खऱ्याच्या जवळ |

एकाच रात्रीचे ४९.७ आणि ७६. पाच रुपये दर धरला तर २४९ रुपये आणि ३८० रुपये.

आणखी एक खूण आहे. चार-पाच वेगवेगळ्या दिवसांचे स्क्रीनशॉट घ्या आणि प्रत्येकाचे ताशी युनिट काढा. सगळीकडे शेवटच्या दशांशापर्यंत तोच आकडा आला तर ॲप मोजत नाही, गुणतंय. खरोखर मोजणाऱ्या ॲपमध्ये थोडा चढउतार दिसणारच, कारण व्होल्टेज रोज सारखं नसतं आणि विहिरीतलं पाणीही हलत असतं. तिन्ही फेजचे अँपिअर नेहमी अगदी सारखेच दिसत असतील तर करंट मोजणारी सीटी एकाच फेजवर असण्याची शक्यता आहे. टाँग टेस्टर असलेल्या वायरमनला बोलावून तिन्ही वायरींवर लावून बघितलं की लगेच कळतं.

मीटरची वाट सर्वांत खात्रीची, कारण बिल त्याच्यावरच येतं. रात्री पंप चालू करण्याआधी मीटरचा फोटो घ्यायचा आणि सकाळी पंप बंद झाल्यावर दुसरा. समजा आधी १८३४२ आणि नंतर १८४०४, म्हणजे ६२ युनिट. ६२ भागिले ६.६७ म्हणजे ताशी ९.३. हाच आपल्या पंपाचा आकडा. मात्र तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर हाही आकडा फसवतो. मीटरच्या डिस्प्लेवर आकडे फिरत असतात. त्यातला `kWh` लिहिलेलाच घ्यायचा, `kVAh` नाही, कारण त्यात पॉवर फॅक्टर धरलेला नसतो. `kVAh` घेतलात तर पुन्हा तेच ७६ च्या आसपास येतील आणि वाटेल की ॲप बरोबर होतं. त्या रात्री मीटरवर दुसरं काही चालू नको. शेडमधला बल्ब क्षुल्लक, पण कडबाकुट्टी किंवा शेजारचा दुसरा पंप चालला तर माप गेलं. आणि निदान पाच-सहा तासांची पाळी घ्यायची. मीटर पूर्ण युनिट दाखवत असेल तर एका युनिटची इकडेतिकडे धरावी लागते. ६२ मध्ये ती दोन टक्क्यांच्या आत राहते, पण अर्ध्या तासाच्या चार-पाच युनिटांत ती सगळा हिशेब बिघडवते.

मग रोजच मीटर का वाचू नये? वाचता आलं तर उत्तमच. पण मीटर डीपीजवळच्या खांबावर, पंप रात्री अडीचला सुरू होणार, पाळी मध्येच दुसऱ्या घराकडे जाणार. अशा वेळी दोन फोटो कोण काढणार? तास मात्र ॲपमध्ये आपोआप नोंदले जातात आणि बहुतेक ॲपचे तास विश्वासार्ह असतात. म्हणून तास ॲपचे आणि ताशी युनिट मीटरचे, ही जोडी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

तासांबाबत एकच सांभाळायचं. रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात ॲप मध्यरात्री तारीख बदलतं. रात्री १०:२० ते पहाटे ५ अशी सलग तीन रात्रींची पाळी घेतली तर ती चार तारखांत विभागली जाते: पहिल्या तारखेला १:४०, मग ६:४०, पुन्हा ६:४० आणि चौथ्या तारखेला ५:००. पण चौथ्या रात्री १०:२० ला पुढच्या घराची पाळी लागली तर त्या तारखेच्या स्क्रीनवर ६:४० दिसतं. ते सगळं पहिल्या घराच्या नावावर टाकलं तर त्याच्यावर १ तास ४० मिनिटांचा, म्हणजे साडेपंधरा युनिटांचा भुर्दंड पडतो. म्हणून दिवसाची बेरीज न घेता चालू-बंदच्या वेळांची यादी असलेला स्क्रीनशॉट मागावा. फेज गेली किंवा ड्राय रनला पंप बंद पडला तर तेही त्या यादीत दिसतं.

त्या तीन रात्रींचा हिशेब असा होतो: २० तास गुणिले ९.३ म्हणजे १८६ युनिट, पाच रुपये दराने ९३० रुपये. एचपीवरून काढलं असतं तर १४९ युनिट, ७४६ रुपये. मधले १८४ रुपये कोणाच्या तरी खिशातून जाणारच.

पाच रुपये हा दर मी फक्त हिशेबापुरता धरला आहे. तुमचा दर तुमच्या बिलावरून काढा. बिलात युनिटवर लागणारे आकार, म्हणजे वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन, एकत्र करा, सवलतीची ओळ असेल तर वजा करा आणि युनिटने भागा. एकूण बिलाला युनिटने भागू नका. त्यात स्थिर आकार असतो आणि बऱ्याचदा मागची थकबाकी व तिचं व्याजही असतं. स्थिर आकार पंप चालो न चालो लागतोच, म्हणून तो पाळीवर न टाकता विहिरीतल्या हिश्शाप्रमाणे वेगळा वाटावा.

ताशी युनिट एकदा काढले म्हणजे कायमचे झाले असं नाही. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पाणी जास्त उंचीवरून उचलावं लागतं. पंप कमी पाणी फेकतो, करंटही बहुधा थोडा उतरतो, पण तेवढंच रान भिजवायला तास वाढतात. तासाचा खर्च कमी दिसतो आणि पाळीचा वाढतो. एक जण पाटाने सऱ्या भरतो आणि दुसऱ्याचं ठिबक आहे, तिथेही असंच. फिल्टर आणि लॅटरलमुळे पंपावर दाब वाढतो, विहिरीवरच्या नेहमीच्या सबमर्सिबलचा करंट उतरतो आणि ताशी युनिट कमी येतात. अशा दोन घरांनी नुसते तास मोजून बिल वाटलं तर ठिबकवाला दर तासाला थोडे जास्त पैसे देतो. दोघांचे ताशी युनिट वेगळे काढायला दोनच रात्री लागतात. मी एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मार्चमध्ये माप घ्यायला सांगेन, आणि मोटार रिवाइंड केली किंवा पंप खाली-वर केला तर लगेच.

मीटर नसेल आणि बिल एचपीवर ठरावीक येत असेल, तर युनिट काढायच्या भानगडीत पडायचं कारण नाही. तिथे पंप दोन तास जास्त चालला म्हणून बिल वाढत नाही. स्क्रीनशॉटमधले हंगामाचे तास घरागणिक बेरजेला घ्यावेत आणि बिल त्या प्रमाणात वाटावं.