बेडरूमचा एक्झॉस्ट सीओटूवर: चालू-बंद बरा की हळू सतत?

आमची दहा बाय बाराची खोली, एसी लावला की सगळं बंद, आत आम्ही दोघं. झोपेत दोन माणसं तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि खोली ३० घनमीटरची, म्हणजे हवा कुठूनच आली गेली नाही तर तासाला आठशेएक पीपीएम वाढतात.

आधी मी रिले लावून साधा चालू-बंदच केला होता, हजारला चालू आणि ९५० ला बंद. सहा इंची फॅन तासाला अडीचशे घनमीटर ओढतो, एवढ्याशा खोलीत तो मिनिटभरातच आकडा खाली आणतो आणि साडेतीन मिनिटांनी परत घर्रर्र, रात्रभर हेच, बायकोने दुसऱ्याच रात्री प्लग काढला. मग हजार-सातशे केलं, तरी सात मिनिटं चालू, वीसएक मिनिटं बंद, म्हणजे रात्रीत पंधरा-सतरा वेळा. अंतर वाढवून सुधारतं पण मूळ दुखणं फॅन खोलीच्या मानाने मोठा हे आहे.

तोच फॅन हळू करून ५० घनमीटरवर आणला तर बाहेरच्या ४२५ वर पाचशे चढून आकडा ९२५ च्या आसपास आपोआप थांबतो, बंद करायची वेळच येत नाही. (दाराखालून हवा हॉलमधली येत असेल तर हॉलचा आकडा जेवढा जास्त तेवढा हाही वर.) सेन्सरने फक्त दहा मिनिटांची सरासरी बघून स्पीड एकेक पायरी बदलायचा, आणि ठरवलेल्या आकड्यापासून शंभर पीपीएमच्या आत फरक असला तर हातच लावायचा नाही. रेग्युलेटर कपॅसिटरवाला घ्या, डिमरवर मोटर गुणगुणते. फॅनचा स्पीड कमी होतच नसेल तरच चालू-बंद, तेही मोठं अंतर आणि किमान दहा मिनिटं चालेल असं ठेवून.

आता सेन्सरची बेसलाइन, म्हणजे ताजी हवा तो किती धरतो, इथे बरेच जण फसतात. ऑटो-कॅलिब्रेशन चालू असलं की MH-Z19B सेन्सर रोजचा सगळ्यात कमी आकडा ४०० धरतो, SCD40 सेन्सरला आठवड्यात एकदा तरी बाहेरची हवा मिळेल असं गृहीत असतं. तुमची खोली ६५० च्या खाली जातच नसेल तर तो ६५० लाच ४०० म्हणायला लागतो, मग फॅन खऱ्या १२५० ला सुरू होतो आणि स्क्रीनवर सगळं छान दिसतं. रोज रिकाम्या खोलीत तासभर खिडकी सताड उघडी राहत असेल तर ऑटो ठेवा, नाहीतर बंद करा, SCD40 साठी ESPHome मध्ये असं:

```yaml
sensor:
  - platform: scd4x
    automatic_self_calibration: false
```

आणि सहा महिन्यांनी हाताने कॅलिब्रेट करा. मी पहाटे सेन्सर बाल्कनीत ठेवतो, आकडा स्थिर झाला की अजून पाचेक मिनिटं थांबतो आणि ४२५ पाठवतो, पण त्या वेळी जवळ उभं राहू नका, एकदा मी वाकून आकडा बघत बसलो आणि माझ्याच श्वासावर कॅलिब्रेट झाला, मग दिवसभर खोलीत ३२० दाखवत होता.