केबलवाल्याचं फायबर ब्रॉडबँड: वर्षभराच्या वापरानंतर, आणि पॅक संपल्यावर उघडणाऱ्या त्या पानाबद्दल

साताऱ्यात आमच्या गल्लीत स्थानिक केबलवाल्याने फायबर टाकलं तेव्हा लगेच कनेक्शन घेतलं. आता वर्ष होत आलं. स्पीडबद्दल तक्रार नाही. 100 एमबीपीएसचा पॅक आहे आणि केबल लावून तपासलं तर 90 च्या पुढे मिळतो. संध्याकाळी सात ते दहाच्या गर्दीत थोडा उतरतो, पण व्हिडिओ कॉल तुटत नाही. पावसाळ्यात झाडाची फांदी पडून वायर तुटली, तर दुसऱ्या दिवशी माणूस येऊन जोडून गेला. एवढं चांगलं चालत असताना घरात सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो पॅक संपण्याने. म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हा पॅक 30 दिवसांचा असतो, महिन्याचा नाही. बारा रिचार्ज म्हणजे 360 दिवस. त्यामुळे 31 दिवसांचा प्रत्येक महिना गेला की संपायची तारीख एक दिवस अलीकडे सरकते. ‘पाच तारखेला रिचार्ज’ असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि नेट चार तारखेलाच बंद पडतं. शिवाय आमच्याकडे मुदत मध्यरात्री संपत नाही. रिचार्ज ज्या वेळी केला, त्याच वेळी संपते. सकाळी साडेदहाला भरला असेल तर ऐन कामाच्या वेळी साडेदहालाच नेट जातं. आठवणीचा मेसेज येतो, पण तो नोंदवलेल्या नंबरावर. आमचं कनेक्शन घरमालक काकांच्या नावावर असल्याने मेसेज त्यांच्या फोनवर जायचा.

आता नेट गेल्यावर घरात काय दिसतं ते बघा. फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. व्हॉट्सअ‍ॅप नुसतं ‘कनेक्टिंग’ म्हणत राहतं. टीव्ही नेटवर्क एररचा फलक दाखवतो. लॅपटॉपवर गूगल उघडायला गेलं तर एक तर पान फिरत राहतं, नाहीतर हे येतं:

```
NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID
```

हे वाचून कुणालाही लॅपटॉप बिघडला किंवा व्हायरस शिरला असं वाटेल. खरं कारण साधं आहे. मुदत संपली की कंपनीचा सर्व्हर आपल्याला पूर्ण तोडत नाही, वेगळ्या कप्प्यात टाकतो. लॉगिन होतं, आयपी मिळतो, पण तुम्ही कोणतीही साइट मागितली तरी तिच्याऐवजी ‘तुमचा प्लॅन संपला आहे’ हे पान पुढे करायचं असं ठरलेलं असतं. मात्र अशी अदलाबदल फक्त साध्या http पानाची करता येते. https साइटला स्वतःचं प्रमाणपत्र असतं. मधल्या सर्व्हरकडे ते नसल्याने ब्राउझर त्याला आत घेत नाही आणि वरची चूक दाखवतो. आज जवळजवळ सगळ्या साइट https वर असल्याने, ज्या पानावर खरं कारण लिहिलेलं असतं तेच पान सहसा दिसत नाही.

म्हणून मी आता हे पान मुद्दाम उघडून बघतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये हे टाइप करायचं:

```
http://neverssl.com
```

ही साइट मुद्दाम https शिवाय ठेवलेली आहे. पॅक संपला असेल तर तिच्याऐवजी लगेच कंपनीचं पान येतं. त्यावर ग्राहक क्रमांक, संपल्याची तारीख आणि पैसे भरायचं बटण असतं. फोनवर ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ अशी सूचना येते तीही याच कारणाने. वायफाय जोडलं की अँड्रॉइड गूगलच्या generate_204 या पत्त्यावर एक छोटी विचारणा करतो. तिथून रिकामं उत्तर यायला हवं. त्याऐवजी भलतंच पान आलं की मध्ये कुणीतरी अडवतंय हे फोनला कळतं. ती सूचना बोटाने उडवून न लावता उघडायची.

याआधी एक नजर भिंतीवरच्या डब्याकडे टाकावी. लॉसचा दिवा लाल असेल तर वायर तुटलेली किंवा सुटलेली आहे, तिथे रिचार्जचा संबंध नाही. पॉनचा दिवा हिरवा स्थिर आणि तरी नेट नाही, तेव्हाच पॅकचा संशय घ्यायचा. एका रविवारी आमच्याकडे नेमकं असंच होतं. कॉल सेंटरवाल्या ताईंनी तक्रार नोंदवून घेतली, माणूस 24 तासांत येईल म्हणाल्या. तोवर मी पान उघडलं, तर मुदत सकाळीच संपलेली. लाइन ठीक असल्यामुळे माणूस येऊनही त्याला काही करण्यासारखं नव्हतं. तक्रार घेताना खात्याची मुदत बघणं त्यांना अवघड नव्हतं, आणि कंपनीवर माझा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीचा आहे.

दोन वेळा हे पान येत नाही. एक म्हणजे फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल किंवा व्हीपीएन लावलेलं असेल तर. बंद कप्प्यातून बाहेरच्या डीएनएसपर्यंत पोचताच येत नाही, नावाचा पत्ताच सापडत नाही, मग पान वळवणार कुठून? तपासण्यापुरतं ते बंद करावं. दुसरं, काही कंपन्या पानच ठेवत नाहीत, मुदत संपली की लॉगिन नाकारतात. तेव्हा राउटरच्या पानावर, बहुतेक ठिकाणी 192.168.1.1 वर, डब्ल्यूएएन आयपीची जागा रिकामी दिसते. पुण्यात भावाकडे पोस्टपेड आहे. त्याचं बिल थकलं तेव्हा असंच पान आलं होतं, फक्त ‘प्लॅन संपला’ऐवजी थकबाकीचा आकडा होता.

पैसे भरताना मी त्या पानावरचं बटण वापरत नाही. पान साध्या http वर असतं, तिथे कार्डाचा नंबर टाकणं मला पटत नाही. ग्राहक क्रमांक टिपून घ्यायचा, वायफाय बंद करायचं आणि मोबाइल डेटावर कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा यूपीआयने भरायचे. वायफाय चालू ठेवून यूपीआय अ‍ॅप उघडलं तर ते त्याच बंद कप्प्यात अडकतं.

पैसे गेले, मेसेज आला, तरी नेट सुरू होत नाही, इथे बरेच जण पुन्हा पैसे भरतात. तसं करू नका. राउटर अजून जुन्याच लॉगिनवर बसलेला असतो. तो बंद करून चार-पाच मिनिटं थांबायचं. लगेच चालू केला तर जुनं लॉगिन सर्व्हरवर जिवंत असतं आणि एका खात्यावर दुसरं लॉगिन तो घेत नाही. चालू झाल्यावर ब्राउझरच्या खाजगी खिडकीत तपासावं, कारण साध्या खिडकीत कधीकधी जुनंच ‘प्लॅन संपला’ पान साठवलेलं असतं.

एकूण मी या कनेक्शनला पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो मुदतीच्या या कारभारासाठी. केबलवाल्या दादांकडे जाऊन नोंदवलेला नंबर माझा करून घेतला, त्याला आधार कार्डाची प्रत लागली. यावेळी 6 महिन्यांचा पॅक घेतला आहे. त्यात महिन्याला थोडे पैसेही वाचतात.