वीस पातळ्यांची मार्केट डेप्थ: सहा-सात महिने वापरल्यावर सपोर्ट-रेझिस्टन्सबद्दल काय दिसलं

डेप्थ म्हणजे कुठल्या भावाला किती शेअरच्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी लागून आहेत ती यादी. माझ्या ब्रोकरकडे नेहमीची पाच पातळ्यांची डेप्थ फुकट मिळते. वीस पातळ्यांच्या डेप्थला महिन्याला वेगळे पैसे पडतात. ती घेतली ती एकाच कारणासाठी. चार्टवर आपण आडवी रेघ मारतो आणि भाव तिथे येऊन अडतो, तेव्हा त्या रेघेवर खरोखर कोण उभं असतं हे बघायचं होतं. सहा-सात महिन्यांत बरंच काही दिसलं. काही गोष्टी मात्र दिसल्या नाहीत, आणि त्या का दिसत नाहीत हे समजणंही तितकंच उपयोगाचं ठरलं.

आधी मर्यादा सांगतो, कारण जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. पाचशेच्या आसपासच्या शेअरची टिक पाच पैशांची असते. म्हणजे सलग वीस पातळ्या म्हणजे फक्त एक रुपया. भाव ४८८ वर असताना ५०० ला काय मांडून ठेवलंय ते या स्क्रीनवर दिसणार नाही. पातळी अगदी नाकासमोर आली की मगच दिसते. त्यामुळे रेघ मारायचं काम चार्टवरच करावं लागतं. डेप्थ उघडायची ती भाव रेघेजवळ पोचल्यावर.

आता पोचल्यावर काय दिसतं ते बघा. एका सरकारी बँकेचा शेअर ५०० कडे चालला होता. विक्रीच्या बाजूला ४९९.९० ला चार हजारांच्या आसपास शेअर, ४९९.९५ ला साडेअठरा हजार, ५००.०० ला जवळपास १,४६,०००, आणि लगेच पुढे ५००.०५ ला जेमतेम तीन हजार. गोल आकड्यावर एवढी गर्दी आणि पाच पैसे पुढे गेलं की सामसूम. यात गूढ काही नाही. "पाचशे आले की विकू" असं माणूस ठरवतो, "पाचशे रुपये पंधरा पैसे आले की विकू" असं कुणी ठरवत नाही. ४९९.९५ वाले थोडे चलाख, त्यांना रांगेत पुढे राहायचंय. बाकी सगळे एकाच आकड्यावर येऊन बसतात, एकमेकांशी काही न बोलता.

माझ्या मते या स्क्रीनवरचा सगळ्यात मोलाचा रकाना किती शेअर आहेत हा नाही, किती ऑर्डरी आहेत हा आहे. त्या १,४६,००० शेअरमागे सहाशे तीसच्या आसपास ऑर्डरी होत्या. म्हणजे सरासरी एका ऑर्डरीत २३० शेअर. ही खरी गर्दी, आणि अशी गर्दी एका क्षणात उठून जात नाही. दुसऱ्या एका शेअरमध्ये तेवढीच भिंत आठ-दहा ऑर्डरींची दिसली होती. भाव दोन टिक जवळ आला आणि अर्धी भिंत रद्द झाली. खरा विक्रेता मागे सरला की नुसता देखावा मांडला होता, हे बाहेरून कळत नाही. (घ्यायचा-विकायचा विचार नसताना मोठ्या ऑर्डरी दाखवून काढून घेणं नियमात बसत नाही, तरी स्क्रीनवर असलं अधूनमधून दिसतंच.) तेव्हापासून मोठा आकडा दिसला की मी आधी भागाकार करतो.

परत पाचशेकडे येतो. पहिल्या धडकेत ४९९.९५ ची रांग संपली, ५०० ला थोडे सौदे झाले आणि भाव ४९६ पर्यंत घसरला. भिंत पाहून खरेदीदार थांबतात, आणि इंट्राडेवाल्यांना शॉर्ट करायला आयती जागा मिळते. तासाभरानं दुसरी धडक बसली. या वेळी ५०० ला एक लाखाच्या खालीच शेअर उरले होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण क्लासवाले नेमकं उलटं शिकवतात: जितक्या वेळा पातळी टिकली तितकी ती मजबूत. निदान एकाच दिवसात, समोर दिसणाऱ्या ऑर्डरींचं तसं नसतं. ज्याचा माल पाचशेला विकला गेला तो रांगेतून बाहेर पडला. नवीन विक्रेते आले नाहीत तर प्रत्येक धडकेत भिंत थोडी झिजते.

तिसऱ्या वेळी दुपारी अडीचनंतर बाजार एकूणच वर होता. उरलेली रांग चार-पाच मिनिटांत खाल्ली गेली. पुढे प्रत्येक पातळीवर हजार-तीन हजार शेअर, त्यामुळे भाव ५०१.५० वरून ५०३ च्या पुढे नुसता सरकत गेला. दिवसातलं सगळ्यात मोठं व्हॉल्यूम याच मिनिटांत झालं. ही खरेदी आली कुठून? डेप्थमध्ये तर ती आधी दिसतच नव्हती.

दिसणार नव्हतीच. स्टॉपलॉस ऑर्डर ट्रिगर होईपर्यंत एक्स्चेंजच्या वेगळ्या पुस्तकात पडून राहते, डेप्थमध्ये येत नाही. ५०० ला शॉर्ट केलेल्यानं स्टॉपलॉस ५०१ किंवा ५०२ ला ठेवलेला असतो, पाचशेच्या थोडा पलीकडे. ब्रेकआउटवर घेणाऱ्यांचे ट्रिगरही तिथेच. एक ट्रिगर झाला की त्याची खरेदी भाव वर ढकलते, मग पुढचा ट्रिगर होतो. शिवाय रोख बाजारात इंट्राडे शॉर्ट त्याच दिवशी मिटवावा लागतो. साधारण सव्वातीनपासून ब्रोकर स्वतःच सौदे कापायला लागतात, त्यामुळे दुपारी उशिरा फुटलेल्या पातळीवर शॉर्टवाल्याला वाट बघायची मुभा राहत नाही.

भावाच्या या वागण्याचा मोठा पुरावा आपल्या बाजारातला नाही, चलन बाजारातला आहे. कॅरल ऑस्लर या अर्थतज्ज्ञ न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत काम करत होत्या. त्यांनी एका मोठ्या बँकेकडच्या ऑगस्ट १९९९ ते एप्रिल २००० मधल्या ग्राहकांच्या ऑर्डरी तपासल्या. डॉलर-येन, युरो-डॉलर आणि पौंड-डॉलर मिळून साडेनऊ हजारांहून जास्त. नफा घेण्याच्या ऑर्डरी थेट गोल आकड्यांवर साचलेल्या आढळल्या. स्टॉपलॉस साचलेले होते गोल आकड्याच्या किंचित पलीकडे: खरेदीचे वर, विक्रीचे खाली. म्हणून भाव गोल आकड्याला टेकून उलटतो, आणि ओलांडला की वेग घेतो. पाचशेला मी जे पाहिलं ते हेच. फरक इतकाच की त्यांच्यासमोर दोन्ही प्रकारच्या ऑर्डरी होत्या आणि माझ्या स्क्रीनवर स्टॉपलॉस येत नाहीत.

न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे जीटीटी. ही ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर बसून असते, ट्रिगर किंमत आली की मगच एक्स्चेंजला जाते. एक्स्चेंजवरच्या साध्या ऑर्डरी दिवस संपला की रद्द होतात, म्हणून सकाळी सव्वानऊला डेप्थ पोकळ दिसते, आणि भाव पातळीजवळ पोचला की भिंत उभी राहते. दुसरी म्हणजे डिस्क्लोज्ड क्वांटिटी. मोठा विक्रेता एकूण ऑर्डरीचा दहा टक्के इतका छोटा तुकडाही समोर दाखवू शकतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: एखाद्या भावाला दिसतात दोन हजार शेअर, पण सौदे वीस-तीस हजारांचे होऊन जातात आणि ते दोन हजार पुन्हा भरलेलेच.

सगळ्या पातळ्या गोल आकड्यांच्या नसतात. काही लोकांच्या खरेदी किमतीतून तयार होतात, आणि त्या तर कुठल्याच पुस्तकात नोंदलेल्या नसतात. एलआयसीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. मे २०२२ मध्ये आयपीओचा भाव ९४९ होता. किरकोळ गुंतवणूकदाराला ४५ रुपयांची सूट, म्हणजे ९०४. पॉलिसीधारकाला ६० रुपयांची, म्हणजे ८८९. लिस्टिंग ८७० च्या आसपास, म्हणजे पहिल्याच दिवशी सगळे तोट्यात. लाखो लोक, त्यात आयुष्यात पहिल्यांदा डीमॅट उघडलेले काका-मावश्या, आणि सगळ्यांची खरेदी मोजून दोन-तीनच भावांना. पुढे शेअर ५५० च्याही खाली जाऊन आला. घरोघरी एकच वाक्य: "मुद्दल सुटू दे, मग काढून टाकतो." हे वाक्य म्हणजे ८८९ ते ९४९ च्या पट्ट्यात टांगून ठेवलेली विक्रीच. भाव त्या पट्ट्यात परत आला जानेवारी २०२४ मध्ये. तोपर्यंत वीस काय, दोनशे पातळ्यांच्या डेप्थमध्येही यातलं काही दिसलं नसतं. कुणाची खरेदी कुठे झाली हे शोधायला जुन्या चार्टवरचं व्हॉल्यूमच बघावं लागतं.

ओलांडलेला रेझिस्टन्स सपोर्ट का होतो, तेही याच हिशेबात बसतं. माझा पाचशेचा शेअर दुसऱ्या दिवशी ५००.४० पर्यंत उतरला, तेव्हा ५००.०० ते ५००.२० या भावांवर खरेदीच्या छोट्या छोट्या ऑर्डरी भरपूर दिसल्या. काल पाचशेला विकून चुकचुकणारे, काल घ्यायचा राहून गेलेले, असे लोक त्यात असणार असा माझा अंदाज. नावं दिसत नाहीत, पण ऑर्डरींचा आकार पुन्हा शे-दोनशे शेअरचाच होता.

निर्देशांकासाठी ही सोय जवळजवळ कामाची नाही. निफ्टीला स्वतःचं ऑर्डर बुक नाही. २० जुलै २०२३ ला निफ्टी १९,९९१.८५ ला टेकून थांबला, २०,००० ला आठ अंक राहिले. त्या दिवशी गुरुवारची साप्ताहिक एक्स्पायरी होती. गोल आकड्याचे कॉल विकून बसलेल्यांचा दबाव फ्युचर्समधून आणि पन्नास शेअरमधून येतो, एका रकान्यात मावत नाही. त्यातच संध्याकाळी इन्फोसिसनं वाढीचा अंदाज खाली आणला आणि दुसऱ्या दिवशी निफ्टी २३४ अंकांनी पडला. त्या पडण्याचं श्रेय २०,००० च्या भिंतीला देणारे व्हिडिओ बघितले की हसू येतं. बातमी आली की भाव पातळी गाठत नाही, थेट तिच्यावरून उडी मारतो, आणि मधल्या ऑर्डरींना काही विचारत नाही. निकालाच्या दिवसांत मी डेप्थ उघडतच नाही.

मग पैसे वसूल होतात का? भरपूर उलाढालीच्या, शंभर ते हजार रुपयांच्या शेअरमध्ये, पातळीजवळ इंट्राडे काम करत असाल तर होय. तीन-चार हजारांच्या शेअरमध्ये ऑर्डरी इतक्या विखुरलेल्या असतात की वीस ओळींतून फारसा अर्थ निघत नाही. स्मॉलकॅपमध्ये तर एकच माणूस भिंत असतो. स्विंग करणाऱ्यांनी फुकटची पाच पातळ्यांची डेप्थ आणि व्हॉल्यूम एवढ्यावर भागवावं. ॲपबद्दल तक्रार एकच: रांग कमी झाली ती सौदे होऊन की ऑर्डरी रद्द होऊन, हे वेगळं दाखवत नाहीत. त्यासाठी मला शेजारी सौद्यांची यादी उघडी ठेवून बेरीज करत बसावं लागतं, आणि भाव ५०० ला असताना तेवढा वेळ नसतो.