इंग्रजी अप्रिसिएशन लेटर मराठीत: ‘आपण’, ‘तुम्ही’ की ‘करण्यात येत आहे’?

समजा, पत्र असे आहे. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जुलैच्या पावसात रात्री पाणी शिरले. मेंटेनन्सचे सुपरवायझर रमेश, वय सत्तावन्न, पाळी संपली तरी थांबले. त्यांनी मेन स्विच वेळेत पाडला आणि सकाळपर्यंत पंप चालू ठेवले. कोणालाही इजा झाली नाही. पस्तिशीतल्या प्लँट हेडने त्यांना इंग्रजीत पत्र लिहिले. सुरुवात ‘डिअर रमेश’, शेवट ‘कीप अप द गुड वर्क’. आता ते मराठीत करायचे आहे, कारण ते कँटीनमध्ये सगळ्यांसमोर वाचले जाईल आणि नंतर रमेश यांच्या घरच्या भिंतीवर लागेल.

इंग्रजीत ‘यू’ एकच आहे, त्यामुळे मूळ पत्र लिहिणाऱ्याला अंतर ठरवावे लागलेच नाही. मराठीत ते पहिल्याच ओळीत ठरवावे लागते. एकेरी ‘तू’ या वयाच्या माणसाला चालणार नाही, म्हणजे पर्याय तीन उरतात. एकच वाक्य तिन्ही घाटांत बघा.

‘आपत्कालीन परिस्थितीत बजावलेल्या उल्लेखनीय सेवेबद्दल श्री. रमेश यांचा गौरव करण्यात येत आहे.’

‘आपण त्या रात्री जे काम केलेत, त्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत.’

‘त्या रात्री तुम्ही जे काम केलेत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.’

पहिला घाट पत्राचा नाहीच, तो प्रमाणपत्राचा आहे. त्यात माणसाशी कोणी बोलत नाही, त्याच्याविषयी तिसऱ्याला सांगितले जाते. बढतीच्या फाइलला जोडायचे असेल किंवा फ्रेम करून समारंभात द्यायचे असेल, तर तो योग्य आहे. मग शीर्षकही ‘प्रशस्तिपत्र’ द्या (‘स्ति’ ऱ्हस्व) आणि खाली पत्रासारखा मायना घालू नका. पण मूळ इंग्रजी पत्र जर थेट माणसाशी बोलत असेल, तर ‘करण्यात येत आहे’ने त्याचा सूरच जातो.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. बहुतेक जण ‘आपण’ घेतात, कारण ते जास्त आदराचे वाटते. आदराचे आहेच, पण त्यात एक अडचण आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूस, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून सगळे. ‘आपण काम पूर्ण केले’ हे वाक्य माइकवर वाचले, तर ऐकणाऱ्याला ‘आपण सगळ्यांनी मिळून’ असेच ऐकू येईल, आणि रमेश यांचे श्रेय सगळ्या कँटीनमध्ये वाटले जाईल. उपाय आहे: क्रियापदाला शेवटी ‘त’ लावा. काम केलेत, पुरवठा बंद केलात, मदत केलीत. हा ‘त’ आला की वाक्य फक्त समोरच्याचे होते. अकर्मक क्रियापदात फरक उघडच असतो: ‘आपण थांबलो’ म्हणजे सगळे, ‘आपण थांबलात’ म्हणजे तुम्ही. भाषांतरात सर्वांत जास्त वेळा हाच ‘त’ गळतो.

‘आपला’ या शब्दाचे मात्र तसे भागत नाही, तिथे ‘त’ लावायची सोय नाही. इंग्रजीत ‘अवर प्लँट’ आहे. ‘आपण’ घाटात ‘आपल्या कारखान्यात’ लिहिले, तर कारखाना तुमचा की आपल्या सगळ्यांचा हे कळत नाही. म्हणून लिहिणारा ‘आमच्या कारखान्यात’ करतो, आणि तीस-तीस वर्षे तिथे राबलेला माणूस एका शब्दात बाहेरचा होतो. ‘तुम्ही’ घेतले की ‘तुमचे’ म्हणजे रमेश यांचे आणि ‘आपला’ म्हणजे सर्वांचा, अशी सरळ वाटणी होते. ‘आपल्या कारखान्यात पाणी शिरले तेव्हा तुम्ही थांबलात’ यात इंग्रजी ‘अवर’पेक्षाही जास्त जवळीक आहे, कारण इंग्रजीत ‘आमचा’ आणि ‘आपला’ हा भेदच नाही. आपल्याच माणसाला लिहिलेल्या पत्रासाठी आमचे मत म्हणूनच ‘तुम्ही’ला आहे. ग्राहक, पाहुणे डॉक्टर, महापालिकेचे अधिकारी अशा बाहेरच्यांना लिहिताना ‘आपण’च ठेवा, तिथे ‘आमच्या कारखान्यात’ हेच खरे असते.

‘तुम्ही’त आदर कमी पडेल अशी धास्ती असेल, तर तो सर्वनामात न शोधता हाकेत आणि शब्दांत आणा. ‘डिअर’ म्हणजे ‘प्रिय’ नव्हे. इंग्रजीत ते नुसते सुरुवातीचे टिंब आहे, मराठीत ‘प्रिय रमेश’ हे मित्राला किंवा धाकट्याला लिहितात. रोज सगळे ‘रमेशभाऊ’ म्हणत असतील, तर ‘रमेशभाऊ, सप्रेम नमस्कार’ इतके पुरते. तशी हाक रूढ नसेल, तर आडनावासह ‘श्री. … यांस’ लिहा आणि खाली तोच सप्रेम नमस्कार.

‘अप्रिसिएशन’ला चटकन ‘कौतुक’ हा शब्द सुचतो. कौतुक वरून खाली वाहते: आजी नातवाचे करते, बाई विद्यार्थ्याचे करतात. पस्तिशीतला साहेब सत्तावन्न वर्षांच्या माणसाला ‘तुमचे कौतुक वाटते’ म्हणाला, तर पाठीवर थाप मारल्यासारखे वाटते. वयाने मोठ्याचे आभार मानावेत किंवा त्याला श्रेय द्यावे. ‘कीप अप द गुड वर्क’चे ‘असेच चांगले काम करत राहा’ याच चुकीत मोडते. तो प्रगतिपुस्तकावरचा शेरा आहे. आणि ‘आय वुड लाइक टु टेक धिस ऑपॉर्च्युनिटी’ हे अख्खे गाळा. ‘या संधीचा फायदा घेऊन’ मराठीत संधिसाधूपणाचे वाटते.

‘यू वेंट अबव्ह अँड बियाँड’साठी मराठीत तयार साचा शोधू नका. ‘कर्तव्याच्या पलीकडे जाऊन’ म्हटले की श्रद्धांजलीचा वास येतो. त्या रात्री काय घडले तेच सांगा, ते मूळ पत्राच्या मधल्या परिच्छेदात आहेच. नसते, तर सही करणाऱ्याला विचारून एक घटना मिळवावी लागली असती. मनाने घालायची नाही. ‘हॅज नॉट गॉन अननोटिस्ड’चे ‘दुर्लक्षित राहिलेले नाही’ हे चौकशी अहवालासारखे होते. साधे ‘सर्वांनी पाहिले आहे’ म्हणा.

सगळे जुळवल्यावर पत्र असे होते:

‘रमेशभाऊ, सप्रेम नमस्कार. जुलैमध्ये आपल्या कारखान्यात पाणी शिरले, तेव्हा तुमची पाळी संपली होती. तरीही तुम्ही थांबलात, मेन स्विच वेळेत बंद केलात आणि सकाळपर्यंत पंपांजवळ उभे राहिलात. त्या रात्री कोणालाही इजा झाली नाही, याचे श्रेय तुम्हाला आहे, आणि ते सर्वांनी पाहिले आहे. व्यवस्थापनाच्या आणि माझ्या वतीने तुमचे मनापासून आभार. तुमच्या अनुभवाचा आधार आपल्या कारखान्याला यापुढेही मिळत राहो.’

यात ‘झाले, केले’ असे लेखी रूप शेवटपर्यंत आहे. मध्येच ‘झालं, केलं’ आले, तर दोन माणसांनी लिहिल्यासारखे दिसते.

टाइप झाल्यावर फाइलमध्ये आधी ‘आप’ शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे सगळे अभिप्रेत आहेत की फक्त रमेश? फक्त रमेश असतील तिथे ‘तुम्ही’ किंवा ‘तुमचे’ करा. सहीवरचा ‘आपला’ मात्र राहू द्या, तो पत्राचा रूढ शेवट आहे आणि कोणाला खटकत नाही. ‘आपला विश्वासू’ नको, त्याने अर्ज आठवतो. सही करणारी बाई असेल, तर ‘आपली’ करायला विसरू नका. साचा जुन्या पत्रावरून उचलला की हीच चूक छापून येते.