सहा महिने सर्च आणि रील, दोन्हींवर पैसे घातल्यावर

मार्चमध्ये गूगलच्या सर्च जाहिरातीला 1,960 रुपये गेले आणि हापूसच्या पेट्या खपल्या 7. म्हणजे पेटीमागे 280 रुपये जाहिरातीलाच. मला सगळं वजा जाता एका पेटीत 350 सुटतात. चिडून बंदच करणार होतो, पण त्याआधी Search terms उघडलं. लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर आपल्या जाहिरातीवर क्लिक केलं, ते तिथे दिसतं. ‘हापूस कलम किंमत’, ‘वाशी मार्केट आंबा भाव आज’, ‘आंबा मोहोर फवारणी’. यातला एकही माणूस पेटी घेणारा नव्हता, आणि प्रत्येक क्लिकचे पैसे माझे!

ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची ते कीवर्ड Broad match वर राहिले होते, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसायची. आपण बदललं नाही तर ते तसेच राहतात. ते Phrase match केले, म्हणजे त्या कीवर्डचा अर्थ असलेल्या शोधावरच जाहिरात दिसते, आणि कलम, रोप, भाव, फवारणी हे शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत घातले. देवनागरीत घातलेला शब्द रोमनमध्येही घालावा लागतो, kalam म्हणून वेगळा. ‘किंमत’ मात्र मुद्दाम तिथे घातला नाही, कारण घेणारा तेच विचारतो. एप्रिलमध्ये तेवढ्याच पैशांत 13 पेट्या गेल्या. आजही दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी मी ती यादी बघतो.

जूनमध्ये फणसाच्या आठळ्यांचं पीठ काढलं. तीच युक्ती इथे चालेल असं वाटलं होतं. पण ‘आठळी पीठ’ या कीवर्डसमोर Low search volume असं आलं आणि जाहिरात दिसेचना. कोणी शोधतच नाही तर दाखवणार कोणाला? मग ‘फणस पीठ’ घेतलं. क्लिक आले, पण ते मधुमेहासाठी कच्च्या फणसाचं पीठ शोधणारे. आठळ्या बघून परत गेले.

शेवटी रील केली. आधी पाकिटाचा फोटो टाकला होता, तो वाया गेला. मग आईने आठळीचं पांढरं साल सोलताना, उन्हात पसरताना आणि शेवटी तव्यावर थालीपीठ लावताना असं 25 सेकंदांचं शूटिंग केलं. जाहिरातीचं उद्दिष्ट आधी एंगेजमेंट ठेवलं तर लाइक्सचा ढीग आणि ऑर्डर 2. व्हॉट्सॲप मेसेजवर केल्यावर विचारणा सुरू झाली, बहुतेक मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसांची.

ऑगस्टमध्ये सर्चमध्येही पिठाच्या ऑर्डर दिसायला लागल्या, त्याही अगदी स्वस्तात. पीठसुद्धा सर्चवरच चालतं, रील बंद करावी, असं माझं मत झालं होतं. पण यादीत बघितलं तर लोक आमच्या पिठाचं नाव टाइप करत होते. ते नाव त्यांना रीलमधूनच कळलं होतं. खात्री करायला दोन आठवडे रील थांबवली. नावाने येणारे क्लिक 41 वरून 9 वर आले, आणि अहवालात सर्चचा ऑर्डरमागचा खर्च तेवढाच स्वस्त दिसत राहिला.

रील पुन्हा सुरू केली आहे. हापूसवर मात्र रीलला पैसे घालत नाही. मे महिन्यात घालून बघितले होते, 60 जणांनी ‘भाव काय?’ विचारलं आणि पेट्या गेल्या 3.