कुकरच्या सुरक्षेचा व्हिडिओ: सात महिन्यांच्या वापरानंतर

नौपाड्यातल्या आमच्या पोळीभाजी केंद्रात नवीन माणूस कामाला आला की कुकरला हात लावायच्या आधी त्याला हा व्हिडिओ दाखवतो. नऊ मिनिटांचा आहे. एका वेळी एकच धोका घेतात, तो जवळून दाखवतात आणि शेवटी एक सरळ वाक्य सांगतात: हे करू नका. मागे संगीत नाही, घाबरवणारी दृश्यं नाहीत. ज्यांना स्वयंपाकाची सवय नाही त्यांच्यासाठी हीच पद्धत बरोबर आहे, कारण पाच सूचना एकदम दिल्या की एकही लक्षात राहत नाही.

सगळ्यात चांगला भाग वाफेच्या नळीचा. झाकण उलटं करून उजेडाकडे धरलंय आणि नळीतून पलीकडचा प्रकाश बारीक गोल ठिपक्यासारखा दिसतो. मग दुसरं झाकण येतं. त्यात तोच ठिपका अर्धवट दिसतो, कारण आत तुरीच्या डाळीचं वाळलेलं साल अडकलंय. एवढं बघितल्यावर नवीन मुलंमुली रोज कुकर लावायच्या आधी झाकण ट्यूबलाइटकडे धरतात, पुन्हा सांगावं लागत नाही. साल काढायला सुई किंवा बारीक तार पुरते, पण ती आतल्या बाजूने घालायची आणि नंतर नळी नळाखाली धरून पाणी आरपार जातंय ना ते पाहायचं. नुसतं वरून टोचलं तर कचरा आत ढकलला जातो आणि पुढच्या उकळीला परत वर येतो. घोडबंदर रोडला जिथे टँकरच्या पाण्यावर भागवावं लागतं, तिथे भांड्यांवर पांढरा थर बसतो. तो नळीतही बसू शकतो आणि डाळ न शिजवताही भोक बारीक होतं. व्हिडिओत हे नाही, ते आपणच सांगावं.

दुसरा मुद्दा किती भरायचं याचा. व्हिडिओ म्हणतो, कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. हे भाजी किंवा बटाट्यांना ठीक आहे. डाळ आणि तांदूळ थेट कुकरमध्ये लावायचे असतील तर मर्यादा अर्धी आहे, कारण दोन्हींना फेस येतो आणि फेसाबरोबर सालं, दाणे वर चढतात. तीन लिटरच्या कुकरचं उदाहरण घ्या. अर्धा म्हणजे दीड लिटर. दीडशे मिलीच्या वाटीने दोन वाट्या तुरीची डाळ आणि सहा वाट्या पाणी घातलं तर मिळून 1.2 लिटर होतात, फेसाला जागा उरते. तीन वाट्या डाळ आणि नऊ वाट्या पाणी घेतलं की 1.8 लिटर. दोन तृतीयांशाच्या नियमात हे बसतं, पण फेस सरळ नळीपर्यंत पोचतो. चमचाभर तेलाने फेस कमी होतो, पण जास्त भरलेल्या कुकरला ते पुरत नाही. डब्यात लावली तरी डबा अर्धाच भरायचा, आणि वरच्या डब्याचं तोंड झाकणाला टेकता कामा नये.

आता ज्यासाठी हा अनुभव लिहायला घेतला ते. व्हिडिओत झाकण उघडण्याचा भाग आहे आणि तिथे सांगितलंय: शिट्टी थोडी उचला, वाफ आली नाही तर प्रेशर उतरलं, झाकण उघडा. नळी मोकळी असेल तरच हे खरं. नळी बुजलेली असेल तर शिट्टी उचलल्यावर आवाज होत नाही, वाफ येत नाही आणि आतलं प्रेशर मात्र जसंच्या तसं राहतं. म्हणजे जिथे धोका सगळ्यात मोठा, तिथेच ही खूण खोटी ठरते. आतलं पाणी तेव्हा 120 अंशांच्या आसपास असतं. झाकण सुटताच ते एकदम उकळतं आणि डाळ वर उसळते, तोंडावर आणि हातांवर.

म्हणून आम्ही व्हिडिओ इथे थांबवतो आणि खरी खूण हातात देतो. प्रेशर उतरलेल्या कुकरचा दांडा हलक्या हाताने सरकतो. आतून बसणारं झाकण असेल तर ते आपोआप खाली पडतं. दांडा अडला तर जोर लावायचा नाही, सांडशी, लाटणं, बत्ता काहीही वापरायचं नाही. तो का अडतो हे समजलं की मोह होत नाही. घरच्या कुकरचं काम साधारण दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो प्रेशरवर चालतं. 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तीनशे किलोंहून जास्त जोर आतून झाकणाला ढकलत असतो. दांडा गंजल्यामुळे नाही, या जोरामुळे अडतो.

शिट्टीच होत नसेल तर काय, हेही व्हिडिओत अर्ध्यावर सोडलंय. एरवी आठ-दहा मिनिटांत पहिली शिट्टी होते आणि आज पंधरा मिनिटं झाली, असं समजा. पहिल्यांदा कडेकडे बघा, वाकून नाही, हातभर लांबून. कडेने फुसफुस वाफ किंवा थेंब येत असतील तर रबर ढिलं झालंय किंवा नीट बसलेलं नाही. प्रेशरच धरलं जात नाही. गॅस बंद करून गार झाल्यावर रबर बदला. कड कोरडी, कुकर गप्प, आंच मोठी, तर नळी बुजलीये असं धरूनच वागायचं. गॅसचं बटण बंद करा. शिट्टीला हात लावू नका, कुकर उचलून नळाखाली नेऊ नका, आहे तिथेच निदान अर्धा तास गार होऊ द्या. मग दांडा बघा. शिट्टी न होण्याच्या या दोन कारणांत आवाज येणारं त्रासाचं आहे, गप्प बसणारं धोक्याचं.

सेफ्टी वॉल्व्हचा भाग छान दाखवलाय. कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूचा ठिपका जवळून दिसतो आणि तो का वितळला हे शोधा, असं स्पष्ट सांगितलंय: पाणी आटलं, की नळी बुजली. बाजारात कुठलाही वॉल्व्ह बसेल म्हणून बसवू नका, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या. भोकात स्क्रू किंवा एम-सील भरून काम भागवणं म्हणजे शेवटची सुटकेची वाट बुजवणं. हे वाक्य व्हिडिओत आहे आणि आम्ही ते दोनदा ऐकवतो. रबराचा भाग ठीकठाक, पाण्याच्या मापाचा खूपच घाईत आहे. डब्यांखाली किती पाणी घालायचं हे कुकरच्या पुस्तिकेत बघून एक पेला ठरवून ठेवावा.

व्हिडिओ विकत घेतला याचं समाधान आहे. मराठी निवेदन सोपं आहे, मोबाइलवर नळीचं भोक स्पष्ट दिसतं, आणि नव्या माणसाला एका बैठकीत दाखवता येतो. फक्त पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर, शिट्टी उचलण्याच्या प्रसंगाला, तो थांबवा आणि समोर गार कुकर ठेवून दांडा किती सहज सरकायला हवा ते प्रत्येकाच्या हाताला कळू द्या.